भक्षक–भक्ष्य मॉडेल: समतोल बिंदू कसे काढायचे आणि फेज प्लेनमधल्या बंद कक्षा कशा वाचायच्या

पहिल्या महायुद्धाच्या काळात ॲड्रियाटिक समुद्रातली मासेमारी बरीच थंडावली होती. युद्धानंतर प्राणिशास्त्रज्ञ उम्बेर्तो डी'अँकोना यांनी फ्युमे (आजचे क्रोएशियातले रियेका) बंदरातल्या मासळी बाजाराचे आकडे पाहिले. एकूण मासळीत शार्क, पाकट अशा शिकारी माशांचे प्रमाण १९१४ मध्ये ११.९ टक्के होते. १९१८ मध्ये ते ३६.४ टक्क्यांवर गेले आणि मासेमारी पूर्ववत झाल्यावर १९२३ पर्यंत १०.७ टक्क्यांवर उतरले. मासेमारी कमी झाली तर सगळ्याच माशांना फायदा व्हायला हवा, मग शिकाऱ्यांनाच एवढा का झाला? हा प्रश्न त्यांनी गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवला. व्होल्तेरांनी १९२६ मध्ये दोन समीकरणांत त्याचे उत्तर दिले. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका वेगळ्या वाटेने याच समीकरणांपर्यंत आधीच पोहोचले होते, म्हणून मॉडेलला दोघांचेही नाव आहे.

हेच उदाहरण धरून पूर्ण गणित करू. वापरलेले गुणांक हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडलेले आहेत, ते ॲड्रियाटिकमधले प्रत्यक्ष मोजमाप नाही.

समीकरणे आणि एकके

x म्हणजे भक्ष्य माशांचा साठा, y म्हणजे शिकारी माशांचा साठा. दोन्ही हजार टनांत आणि वेळ t वर्षांत.

```
dx/dt = x (1 - 0.05 y)
dy/dt = y (-0.5 + 0.005 x)
```

सर्वसाधारण रूपात हे गुणांक `a = 1`, `b = 0.05`, `c = 0.5`, `d = 0.005` असे आहेत. a हा शिकारी नसताना भक्ष्याच्या वाढीचा दर आणि c हा खाणे न मिळाल्यास शिकाऱ्यांच्या घटीचा दर. दोघांचे एकक "प्रति वर्ष". b आणि d यांचे एकक मात्र "प्रति वर्ष प्रति हजार टन" आहे. साठा टनांत मोजायचे ठरवले तर b आणि d हजारपट लहान होतात, a आणि c तसेच राहतात. पुढे उत्तर विचित्र आले तर पहिला संशय इथे घ्यावा.

xy हे पद दोन्ही समीकरणांत आहे, कारण गाठभेटींची संख्या दोन्ही साठ्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात धरली आहे. यात एक मोठे गृहीतक दडलेले आहे: शिकाऱ्याचे पोट कधीच भरत नाही. भक्ष्य दुप्पट झाले की प्रत्येक शिकारी दुप्पट खातो. शेवटी याकडे परत यावे लागेल.

समतोल बिंदू

दोन्ही दर एकाच वेळी शून्य होतात ती जागा म्हणजे समतोल बिंदू. पहिले समीकरण शून्य होण्यासाठी `x = 0` किंवा `y = 20`. दुसरे शून्य होण्यासाठी `y = 0` किंवा `x = 100`. आता पहिल्यातला एक पर्याय आणि दुसऱ्यातला एक पर्याय अशा चार जोड्या तपासा. `x = 0` आणि `y = 0` जुळतात, म्हणून (०, ०) मिळाला. `y = 20` आणि `x = 100` जुळतात, म्हणून (१००, २०) मिळाला. `x = 0` आणि `x = 100` एकदम खरे असू शकत नाहीत. `y = 20` आणि `y = 0` यांचेही तेच. म्हणजे बिंदू दोनच.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, x ने भागून टाकायचे आणि (०, ०) हरवून बसायचे. दुसरी, एकाच समीकरणातले दोन्ही पर्याय जोडून (०, २०) हा बिंदू लिहायचा. तो समतोल नाही, कारण तिथे भक्ष्य शून्य आहे आणि २० हजार टन शिकारी वर्षाला १० हजार टनांच्या वेगाने घटू लागतात. शंका आली की बिंदू दोन्ही समीकरणांत ठेवून पाहावा, अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आतल्या बिंदूकडे नीट पाहा. भक्ष्याचा समतोल `x* = c/d`, म्हणजे तो शिकाऱ्यांच्या गुणांकांनी ठरतो. शिकाऱ्यांचा समतोल `y* = a/b`, म्हणजे तो भक्ष्याच्या गुणांकांनी ठरतो. भक्ष्याचा प्रजननदर वाढला तर भक्ष्याचा समतोल साठा वाढत नाही, शिकाऱ्यांचा वाढतो. फ्युमेच्या कोड्याची किल्ली इथेच आहे.

दिशा: चार खोल्या

फेज प्लेनमध्ये आडव्या अक्षावर x आणि उभ्या अक्षावर y घ्या. वेळेला अक्ष नाही, तो कक्षेवरच्या बाणात आहे. `y = 20` ही आडवी रेषा आणि `x = 100` ही उभी रेषा काढा. या शून्यरेषा. आडव्या रेषेवर x चा बदल क्षणभर थांबतो, म्हणून कक्षा ती ओलांडताना सरळ उभ्या दिशेने जाते. उभ्या रेषेवर y थांबतो, म्हणून कक्षा ती आडव्या दिशेने ओलांडते. काढलेल्या चित्रात तसे दिसत नसेल तर चित्र चुकले आहे.

या दोन रेषांनी प्रतलाच्या चार खोल्या होतात. खाली उजवीकडे शिकारी २० पेक्षा कमी आणि भक्ष्य १०० पेक्षा जास्त, म्हणून दोघेही वाढतात. वर उजवीकडे शिकारी वाढत राहतात, पण भक्ष्य घटू लागते. वर डावीकडे दोघेही घटतात. खाली डावीकडे शिकारी घटतात आणि भक्ष्य सावरू लागते. बाण जोडले की फिरण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट निघते. अक्षांची अदलाबदल केली, म्हणजे शिकारी आडव्या अक्षावर घेतले, तर तीच गोष्ट काट्यांच्या दिशेने फिरताना दिसते. म्हणून दुसऱ्याचे चित्र वाचताना आधी अक्षांची नावे पाहावीत.

बाणांवरून एवढेच कळते की गती समतोलाभोवती फिरते. फेरी पूर्ण झाल्यावर ती सुरुवातीच्याच बिंदूवर येते, आत वळते की बाहेर पडते, हे बाण सांगत नाहीत.

जॅकोबियन, आणि तो कुठे अपुरा पडतो

पुढची पायरी म्हणजे समतोलाजवळ समीकरणे रेषीय करणे. आंशिक विकलज काढून जॅकोबियन मांडा:

```
J = [ 1 - 0.05 y      -0.05 x        ]
    [ 0.005 y         -0.5 + 0.005 x ]
```

(०, ०) इथे कर्णावर १ आणि −०.५ उरतात, बाकी शून्य. एक आयगेनव्हॅल्यू धन, एक ऋण, म्हणजे सॅडल. शिकारी एकटे असले तर उभ्या अक्षावरून मूळबिंदूकडे येतात, भक्ष्य एकटे असले तर आडव्या अक्षावरून दूर जाते. दोन्ही अक्ष स्वतःच कक्षांचे बनलेले आहेत आणि दोन कक्षा एकमेकींना छेदत नाहीत. म्हणून धन x आणि धन y पासून सुरू झालेली गती कधीही ऋण साठ्यात जाऊ शकत नाही. संगणकाने ऋण मासे दाखवले तर दोष आकडेमोडीच्या पद्धतीत आहे.

(१००, २०) इथे कर्णावर दोन्हीकडे शून्य, वर उजवीकडे −५ आणि खाली डावीकडे ०.१ येते. ट्रेस शून्य, डिटर्मिनंट ०.५, म्हणून आयगेनव्हॅल्यू `±0.7071 i`. वास्तव भाग शून्य आहे. यावरून लहान आंदोलनांचा आवर्तकाळ `2π/√(ac)`, म्हणजे इथे जवळपास ८.९ वर्षे मिळतो. हे उपयोगी उत्तर आहे.

पण "आयगेनव्हॅल्यू शुद्ध काल्पनिक, म्हणून कक्षा बंद" असे लिहून थांबणे ही या विषयातली सर्वांत सर्रास चूक आहे. रेषीय समीकरणांवरून मूळ समीकरणांचे वर्तन सांगता येते ते वास्तव भाग शून्य नसताना. तो शून्य असला की रेषीय करताना टाकून दिलेली पदेच निकाल ठरवतात. ती कक्षेला आत वळवतील किंवा बाहेर ढकलतील. रेषीय समीकरणांत सेंटर दिसणारा बिंदू मूळ समीकरणांत स्पायरल निघू शकतो. कक्षा खरोखर बंद आहेत हे वेगळे सिद्ध करावे लागते.

कक्षा बंद असल्याचा पुरावा

दुसऱ्या समीकरणाला पहिल्याने भागा. वेळ निघून जातो आणि चले वेगळी होतात:

```
(1/y - 0.05) dy = (0.005 - 0.5/x) dx
```

दोन्ही बाजूंचे संकलन करून सगळे एका बाजूला आणले की ही राशी मिळते:

```
V(x, y) = 0.005 x - 0.5 ln x + 0.05 y - ln y
```

कोणत्याही एका कक्षेवर V बदलत नाही. पडताळा घ्यायचा तर V चे वेळेनुसार विकलज काढा: एकीकडे `(dx - c)(a - by)` येते, दुसरीकडे तेच उलट चिन्हाने, आणि बेरीज नेमकी शून्य होते. (इथले `dx` म्हणजे d गुणिले x.)

आता V चा आकार. x चा भाग `x = 100` ला सर्वांत लहान असतो आणि x शून्याकडे किंवा अनंताकडे गेला की वर चढत जातो. y चा भाग `y = 20` भोवती तसाच. दोन्ही भाग बहिर्वक्र आहेत, म्हणून त्यांची बेरीज समतोलाभोवती एका खोलगट वाडग्यासारखी आहे. वाडग्यात एका ठरावीक उंचीपर्यंत पाणी ओतले तर पाण्याची कड बंद वळण बनवते, तशा V च्या समान किमतीच्या रेषा बंद आहेत. अशा वळणावर दुसरा कुठलाही समतोल बिंदू नाही, त्यामुळे गती वाटेत अडकत नाही आणि ठरावीक वेळात फेरी पुरी करते.

एक कक्षा हाताने काढू

सुरुवात (१००, १०) पासून करा, म्हणजे भक्ष्य समतोलावर आणि शिकारी समतोलाच्या निम्मे. समतोलावरच्या V पेक्षा इथला V किती जास्त आहे ते E म्हणू. `u = y/20` आणि `v = x/100` असे मोजले तर सूत्र सुटसुटीत होते:

```
E = (u - ln u - 1) + 0.5 (v - ln v - 1)
```

आपल्या बिंदूवर `u = 0.5`, `v = 1`, म्हणून `E = 0.1931`. कक्षेची चार टोके काढण्यासाठी एका वेळी एकच भाग उरू द्यायचा.

`v = 1` ठेवले तर `u - ln u = 1.1931`. याचे एक उत्तर ०.५ आपल्याकडे आहेच. दुसरे १ पेक्षा मोठे आहे आणि चाचपडत काढता येते: १.७५ ठेवले तर १.१९०४ येते, १.७६ ठेवले तर १.१९४७. मधले १.७५६ पुरेसे अचूक आहे. म्हणजे शिकाऱ्यांचा कमाल साठा सुमारे ३५.१ हजार टन. आता `u = 1` ठेवा, मग `v - ln v = 1.3863`. याची दोन उत्तरे ०.३५७ आणि २.१५३, म्हणजे भक्ष्याचा किमान साठा सुमारे ३५.७ आणि कमाल सुमारे २१५ हजार टन.

तर कक्षा (१००, १०) पासून उजवीकडे (२१५, २०) ला जाते, तिथून वर (१००, ३५.१), मग डावीकडे (३५.७, २०), आणि परत (१००, १०). हे चार बिंदू शून्यरेषांवरच येतात. मध्यभागापासूनची अंतरे सारखी नाहीत: भक्ष्य समतोलाच्या वर ११५ जाते, पण खाली फक्त ६४ उतरते. त्यामुळे कक्षा लंबवर्तुळ म्हणून काढू नये. समतोलाच्या अगदी जवळच्या कक्षाच लंबवर्तुळासारख्या असतात. बाहेरच्या कक्षा अक्षांजवळ दबलेल्या आणि वर उजवीकडे फुगलेल्या दिसतात.

या कक्षेचा आवर्तकाळ सुमारे ९.३ वर्षे येतो, लहान आंदोलनांच्या ८.९ पेक्षा थोडा जास्त. कक्षा मोठी तसा काळही वाढतो.

कक्षा वाचताना

वळणाची लांबी म्हणजे वेळ नव्हे. याच कक्षेवर वर उजवीकडचा (१६०, ३२) बिंदू घ्या. तिथे भक्ष्य वर्षाला ९६ हजार टनांच्या वेगाने कोसळत असते. खाली डावीकडच्या (५३, १२) या बिंदूजवळ तेच भक्ष्य वर्षाला जेमतेम २१ हजार टनांनी सावरते. पडझड झपाट्याने होते, सावरणे रेंगाळते. वळणावर समान कालांतराने, समजा दर अर्ध्या वर्षाला, ठिपके मारले की हे लगेच दिसते: खाली डावीकडे ठिपके दाटतात.

भक्ष्याचा कळस आधी येतो, शिकाऱ्यांचा नंतर. लहान कक्षांत हे अंतर पाव आवर्तनाचे, म्हणजे इथे सव्वादोन वर्षांच्या आसपास. हे समीकरणातूनच दिसते: भक्ष्य कमाल असते तेव्हा शिकारी नेमके समतोलावर असतात आणि अजून वाढत असतात.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे कक्षा कुठली हे सुरुवातीच्या बिंदूवर ठरते. समतोलाभोवती अशा असंख्य कक्षा एकात एक बसलेल्या आहेत आणि त्यातल्या कुठल्याही कक्षेला आकर्षण नाही. धक्का बसला की गती नव्या कक्षेवर जाते आणि तिथेच राहते, जुन्या कक्षेवर परत येत नाही. म्हणून हिला लिमिट सायकल म्हणणे चूक आहे. लिमिट सायकल शेजारच्या कक्षांना स्वतःकडे ओढते किंवा स्वतःपासून दूर लोटते, इथे दोन्ही घडत नाही.

याचा परिणाम एका हिशेबात पाहा. समजा काही कारणाने शिकाऱ्यांचा साठा एका फटक्यात निम्मा झाला. हे शिकारी कमाल असताना घडले तर आपण (१००, ३५.१) वरून (१००, १७.६) वर येतो. तिथे E फक्त ०.००८, म्हणजे आंदोलने जवळजवळ संपली. तेच शिकारी किमान असताना घडले तर (१००, १०) वरून (१००, ५) वर येतो. E वाढून ०.६३६ होते. नव्या कक्षेवर भक्ष्य ११.६ ते ३५३ आणि शिकारी ५ ते ५२ हजार टनांच्या दरम्यान हेलकावतात. घाव एकच, पण तो कक्षेच्या कुठल्या टप्प्यावर बसला यावर सगळे अवलंबून.

सरासरी आणि फ्युमेचे उत्तर

पूर्ण फेरीवरची सरासरी काढण्यासाठी पहिले समीकरण x ने भागून एका आवर्तनावर संकलन करा. डावीकडे `ln x` मधला फरक येतो आणि फेरी पूर्ण झाल्यामुळे तो शून्य असतो. उजवीकडे उरते: y ची सरासरी नेमकी २०. दुसऱ्या समीकरणातून x ची सरासरी नेमकी १००. कक्षा लहान असो वा मोठी, सरासरी समतोलाचीच. फक्त फेरी पूर्ण हवी. अडीच फेऱ्यांची सरासरी काढून "मॉडेल जुळत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

आता मासेमारी आणा. जाळे भक्ष्य आणि शिकारी दोघांनाही सारख्याच दराने, वर्षाला e इतक्या, उचलते असे धरा. मग a च्या जागी `a - e` आणि c च्या जागी `c + e` येते. बाकी गणित जसेच्या तसे. `e = 0.2` घेतले तर

```
x* = (0.5 + 0.2) / 0.005 = 140
y* = (1 - 0.2) / 0.05    = 16
```

मासेमारी नसताना (१००, २०), असताना (१४०, १६). मध्यम मासेमारीने भक्ष्याचा सरासरी साठा वाढतो आणि शिकाऱ्यांचा घटतो. दोघांवर जाळे सारखेच पडत असल्यामुळे पकडलेल्या मासळीतही हेच प्रमाण दिसते: शिकाऱ्यांचा वाटा १६.७ वरून १०.३ टक्क्यांवर. युद्धात मासेमारी थांबली म्हणजे हा प्रवास उलटा झाला, आणि बाजारात शार्क वाढले. हे e, a पेक्षा कमी असेपर्यंतच खरे आहे. e त्याहून मोठा झाला की भक्ष्यच तग धरत नाही आणि आतला समतोल उरत नाही.

एका वर्षाच्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नये. आपल्या कक्षेवर मासेमारी न बदलताही शिकाऱ्यांचा वाटा (२१५, २०) ला ८.५ टक्के आणि (३५.७, २०) ला जवळपास ३६ टक्के असतो. १९१८ चा ३६.४ हा सुटा आकडा म्हणून काहीच सिद्ध करत नाही. १९१५ ते १९१९ या पाच वर्षांची सरासरी सुमारे २५.७ टक्के येते, १९१४ आणि १९२० ते १९२३ या पाच वर्षांची सुमारे १३.९. ही तुलना जास्त वजनदार आहे, तरी दहा वर्षे म्हणजे अशा मॉडेलची जेमतेम एक फेरी, हे ध्यानात ठेवावे.

संगणकावर करताना

साध्या ऑयलर पद्धतीने हे समीकरण सोडवले की कक्षा हळूहळू बाहेर उलगडत जाते. अनेकांना वाटते की मॉडेलच अस्थिर आहे. (१००, १०) पासून अर्ध्या वर्षाचे एक पाऊल टाका: x चा दर ५०, y चा शून्य, म्हणून पोहोचतो (१२५, १०) वर. तिथे E ०.१९३ वरून ०.२०७ झाले. हे एका पावलापुरते नाही. ऑयलरचे पाऊल कक्षेच्या स्पर्शिकेवर पडते आणि बहिर्वक्र वळणाची स्पर्शिका स्पर्शबिंदू सोडला तर पूर्णपणे वळणाबाहेर असते. म्हणून प्रत्येक पाऊल, कितीही लहान असो, V वाढवतेच. पाऊल लहान केल्याने ही गळती मंदावते, थांबत नाही.

चांगली पद्धत वापरा आणि V ला तपासनीस म्हणून ठेवा:

```python
import numpy as np
from scipy.integrate import solve_ivp

a, b, c, d = 1.0, 0.05, 0.5, 0.005

def f(t, z):
    x, y = z
    return [x*(a - b*y), y*(-c + d*x)]

def V(x, y):
    return d*x - c*np.log(x) + b*y - a*np.log(y)

t = np.linspace(0, 100, 5001)
s = solve_ivp(f, (0, 100), [100, 10], t_eval=t,
              rtol=1e-9, atol=1e-9)
x, y = s.y
v = V(x, y)
print(v.max() - v.min())
```

शेवटी छापलेला फरक ०.१९३ च्या तुलनेत नगण्य असला पाहिजे. `rtol` न देता चालवले तर तो आपसूक `1e-3` धरला जातो. मग शंभर वर्षांत वळण सरकते आणि एका बारीक रेषेऐवजी जाड पट्टा दिसतो. `t_eval` इथे मुद्दाम दिला आहे. तो नसेल तर solve_ivp आपल्या सोयीची असमान पावले परत देते आणि त्यांवर थेट `np.mean(x)` काढला तर १०० येत नाही, कारण वेगवान भागात पावले दाट पडतात.

बंद कक्षा किती नाजूक आहेत

V अक्षय राहणे हा या दोन समीकरणांच्या नेमक्या रूपाचा परिणाम आहे. रूप जरा हलवले की बंद कक्षा जातात. भक्ष्याला अन्नाची किंवा जागेची मर्यादा आहे असे धरा, समजा ५०० हजार टन:

```
dx/dt = x (1 - x/500 - 0.05 y)
```

भक्ष्याचा समतोल १०० च राहतो, शिकाऱ्यांचा १६ होतो. जॅकोबियनच्या कर्णावर आता एका जागी −०.२ येते. आयगेनव्हॅल्यू `-0.1 ± 0.6245 i` होतात. वास्तव भाग ऋण, म्हणून कक्षा आत वळतात. एक फेरी सुमारे १०.१ वर्षांची, आणि समतोलाजवळ प्रत्येक फेरीत आंदोलन आधीच्या ३७ टक्क्यांवर येते. इथे वास्तव भाग शून्य नसल्यामुळे जॅकोबियनचा निकाल बिनदिक्कत मान्य करता येतो.

उलट बाजूने, शिकाऱ्याचे पोट भरते हे धरले, म्हणजे भक्ष्य वाढले तरी प्रत्येक शिकाऱ्याच्या खाण्याला कमाल मर्यादा आहे, तर परिणाम विरुद्ध होतो. भक्ष्य मुबलक असताना शिकारी त्याला आवर घालू शकत नाहीत आणि कक्षा बाहेर पडू लागतात. दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या, जसे रोझेन्झ्वाइग आणि मॅकआर्थर यांनी १९६३ मध्ये मांडले, की गुणांकांनुसार एक तर गती समतोलावर विसावते, नाही तर खरीखुरी लिमिट सायकल मिळते. मग आवर्तनाचा आकार सुरुवातीच्या बिंदूवर अवलंबून राहत नाही.

म्हणून प्रत्यक्ष आकडे हातात असताना दोन गोष्टी तपासाव्यात. धक्क्यानंतर आंदोलनाचा आकार जुन्या मापावर परत येतो का? येत असेल तर हे साधे मॉडेल त्या जागी लागू नाही. आणि फेज प्लेनमध्ये वळण कुठल्या दिशेने फिरते? हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या नोंदींवरून काढलेली कॅनडातली लिंक्स नावाची रानमांजरे आणि ससे यांची जोडी या मॉडेलचे उदाहरण म्हणून सगळीकडे दिली जाते. पण मायकेल गिल्पिन यांनी १९७३ मध्ये तेच आकडे फेज प्लेनमध्ये मांडले तेव्हा काही आवर्तने उलट्या दिशेने फिरताना आढळली. शब्दशः घ्यायचे तर तिथे ससे लिंक्सना खात होते. कातड्यांची संख्या म्हणजे जंगलातल्या प्राण्यांची संख्या नव्हे. ती सापळे लावणाऱ्यांच्या उत्साहावर आणि बाजारभावावरही ठरते. शिवाय सशांची आवर्तने ठरवण्यात त्यांच्या स्वतःच्या चाऱ्याचाही हात असतो. वेळेनुसार काढलेल्या दोन वेगळ्या आलेखांत ही विसंगती सहज निसटते. फेज प्लेनमध्ये ती बाणाच्या दिशेतच दिसते, त्यामुळे आकडे मॉडेलला जुळवायला बसण्याआधी एकदा बाण काढून पाहावेत.